पावणेचार ते पाच-दहा : एका उदाहरणाची पाच उत्तरं

तिसरी-चौथीच्या मुलांना कालमापन शिकवताना मी फळ्यावर एक उदाहरण दरवर्षी लिहिते. ‘एसटी पावणेचार वाजता गावाहून सुटली आणि पाच वाजून दहा मिनिटांनी तालुक्याला पोचली. प्रवासाला किती वेळ लागला?’ शेजारी दोन घड्याळं काढते. एकात ३:४५ वाजलेले, दुसऱ्यात ५:१०. मुलं वहीत उत्तर लिहितात आणि मी ओळींमधून फिरत वह्या बघते.

बरोबर उत्तर १ तास २५ मिनिटं. काही वह्यांत ते असतंच. उरलेल्या वह्यांत चार उत्तरं पुन्हा पुन्हा दिसतात : २५ मिनिटं, २ तास ७ मिनिटं, १ तास ६५ मिनिटं आणि २ तास ३५ मिनिटं. शिक्षक किंवा पालक या चारही उत्तरांवर सारखीच फुली मारतात आणि सारखाच उपाय करतात : अशीच आणखी दहा उदाहरणं सोडवायला देतात. पण या चार मुलांच्या चुका चार वेगळ्या जागी झालेल्या आहेत. एकाला काटा वाचता आलेला नाही, दुसऱ्याला आकडा कळलेला नाही, तिसऱ्याचा तास शंभर मिनिटांचा आहे. मूल कुठे अडलं, हे त्याच्या उत्तरातच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर दहा उदाहरणांऐवजी दहा मिनिटांत काम होतं.

पावणेचारमधला ‘चार’

आधी २५ मिनिटांचं उत्तर घेऊ. प्रवास एवढ्यात कसा संपला? या मुलाने पहिलं घड्याळ ४:४५ असं वाचलं. ४:४५ ते ५:१० म्हणजे २५ मिनिटं, आणि तो हिशोब अगदी अचूक आहे. म्हणजे या मुलाला गेलेला वेळ काढता येतो, घड्याळ वाचता येत नाही. त्याला गेलेल्या वेळेची आणखी उदाहरणं देऊन काहीही साधणार नाही.

त्याला चुकवणाऱ्या गोष्टी दोन आहेत आणि दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. पावणेचारला तास काटा तीन आणि चार यांच्यामधलं तीन चतुर्थांश अंतर कापून चाराच्या अगदी जवळ आलेला असतो. मूल जवळचा आकडा उचलतं : चार. त्यात आपली भाषाही ‘चार’ असाच शब्द उच्चारते. ‘पावणे’ म्हणजे पाव कमी, मूळ संस्कृत ‘पादोन’. हे मोठ्यांच्या कानात इतकं मुरलेलं असतं की त्याचा वेगळा अर्थ सांगायचं आपल्याला सुचत नाही. सव्वाचार म्हणजे चार आणि वर पाव, साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. मग पावणेचार म्हणजेही चार आणि वर काहीतरी, असंच मूल समजतं. तीन शब्दांपैकी दोन पुढे नेतात आणि एक मागे खेचतो. ‘पाच वाजायला दहा मिनिटं कमी’ हे ऐकून ५:५० लिहिणारं मूलही याच वाटेने गेलेलं असतं.

ही चूक घट्ट होण्यात माझाही वाटा होता. अनेक वर्षं मी पुठ्ठ्याचं घड्याळ वापरत असे. मधे टाचणी आणि दोन सुटे काटे. पावणेचार दाखवताना मी तास काटा नेमका तीनवर ठेवायचे आणि मिनिट काटा नऊवर. अशी वेळ कोणतंही चालू घड्याळ कधीच दाखवत नाही. नऊवर मिनिट काटा असताना तास काटा आकड्यावर थांबलेला असूच शकत नाही. मुलं माझ्या पुठ्ठ्यावर शिकायची, घरी भिंतीवरच्या घड्याळात तास काटा चाराजवळ बघायची आणि गोंधळायची.

आता मी वर्गात जुनं गजराचं घड्याळ ठेवते. मागची चावी फिरवली की दोन्ही काटे एकत्र फिरतात. मुलांना सांगते, ‘मिनिट काट्याकडे बघू नका, तास काट्यावर नजर ठेवा.’ मिनिट काटा पूर्ण फेरी मारतो तेवढ्यात तास काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यापर्यंत सरकतो. तीनवरून सुटतो, अर्ध्यावर येतो, चाराला टेकायला जातो. टेकायच्या आधी मी हात थांबवते आणि विचारते, ‘चार वाजले का?’ मुलं म्हणतात, ‘नाही, वाजत आलेत.’ ‘वाजत आलेत’ हा आपलाच रोजचा शब्द इथे फार कामाचा आहे. चार वाजत आलेत म्हणजे अजून तीनच वाजून गेलेले आहेत. तास काट्याने ओलांडलेला आकडा तास सांगतो. ज्याच्याकडे तो निघालाय, तो नाही.

याच्यापुढची पायरी म्हणजे एका जुन्या घड्याळाचा मिनिट काटा काढून टाकायचा आणि फक्त तास काट्यावरून वेळ सांगायची. काटा तीन आणि चार यांच्या बरोबर मधे असला तर साडेतीन, तीनाच्या जरासा पुढे असला तर सव्वातीनच्या आसपास. दोन-चार दिवस हा खेळ झाला की मुलं ३:४५ ला ४:४५ म्हणायची थांबतात, कारण तास काट्याच्या जागेलाही अर्थ असतो हे त्यांनी स्वतः बघितलेलं असतं.

नऊ म्हणजे नऊ नव्हे

दुसरं उत्तर २ तास ७ मिनिटं. या मुलाने मिनिट काटा नऊवर बघून ‘३ वाजून ९ मिनिटं’ वाचलं आणि दुसऱ्या घड्याळात काटा दोनवर बघून ‘५ वाजून २ मिनिटं’. मग पाचातून तीन गेले दोन, नवातून दोन गेले सात. तबकडीवरच्या एकाच आकड्याचे दोन अर्थ असतात, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. तास काटा नऊवर आला तर नऊ वाजतात, मिनिट काटा नऊवर आला तर पंचेचाळीस मिनिटं होतात. छापलेला आकडा तोच, पण कोण त्याच्याकडे बोट दाखवतोय त्यावर अर्थ बदलतो.

यात आपण आणखी एक अडथळा घालतो. काट्यांना ‘मोठा’ आणि ‘छोटा’ म्हणतो. मुलाच्या मनात तास मोठा आणि मिनिट छोटं, आणि ते बरोबरच आहे. पण घड्याळात मोठा काटा छोट्या मापाचा आणि छोटा काटा मोठ्या मापाचा. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘तास काटा’ आणि ‘मिनिट काटा’ हीच नावं वापरावीत.

या मुलासाठी पाचचा पाढा हा उपाय सगळे सांगतात आणि तो योग्य आहे. फक्त पाढा तोंडी म्हणून भागत नाही. तबकडीबाहेर प्रत्येक आकड्यासमोर ५, १०, १५ असे आकडे मुलानेच पेन्सिलीने लिहायला हवेत आणि दोन आकड्यांमधली बारीक घरं एकदा तरी एक-एक करून मोजायला हवीत. पाच घरं निघाली की पाचचा पाढा कुठून आला ते कळतं.

साठ आणि शंभर

तिसरं उत्तर १ तास ६५ मिनिटं. हे मूल हुशार आहे. हातच्याची वजाबाकी त्याला पक्की येते आणि तिनेच त्याचा घात केला. त्याने ५१० मधून ३४५ वजा केले. उत्तर आलं १६५. मधे टिंब टाकलं : १ तास ६५ मिनिटं.

वजाबाकी म्हणून यात एकही चूक नाही. चूक एवढीच की एक तास सुट्टा करताना त्याने शंभर मिनिटं घेतली. आपण वेळ ५.१० अशी टिंब देऊन लिहितो, अगदी पाच रुपये दहा पैसे लिहितो तशी. रुपये-पैशांची वजाबाकी मुलं याच वयात शिकतात आणि तिथे एक रुपया सुट्टा केला की शंभरच पैसे मिळतात. तास मात्र साठाचा. साठाच्या गटांनी मोजण्याची ही पद्धत प्राचीन मेसोपोटेमियापासून चालत आलेली आहे आणि मुलाच्या बाकीच्या सगळ्या गणितात ती कुठेच नसते.

ही चूक ओळखायची एक पक्की खूण आहे. शंभर आणि साठ यांच्यात चाळीसचा फरक, म्हणून उत्तर नेहमी बरोबर ४० मिनिटांनी जास्त येतं. १ तास ६५ मिनिटं म्हणजे २ तास ५ मिनिटं आणि खरं उत्तर १ तास २५ मिनिटं. ७:५० ते ९:२० काढायला सांगा. तेच मूल ९२० मधून ७५० वजा करून १ तास ७० मिनिटं लिहील, खरं उत्तर १ तास ३० मिनिटं. पुन्हा चाळीसच जास्त. चाळीसचा फरक दिसला की दुसरं काही शोधायचं नाही.

अशा मुलाला मी उत्तर खोडून दाखवत नाही. त्याने लिहिलेल्या ६५ मिनिटांकडे बोट दाखवून विचारते, ‘घड्याळात पासष्टावं मिनिट कुठे आहे?’ ते तबकडीवर शोधायला लागतं आणि साठापाशी येऊन थांबतं. मग स्वतःच सांगतं, ‘बाई, इथं तास झाला.’

पुढे मिनिटांच्या आणि तासांच्या वेगळ्या रकान्यांतली वजाबाकीही शिकवायची असते. ५ तास १० मिनिटं म्हणजेच ४ तास ७० मिनिटं, त्यातून ३ तास ४५ मिनिटं गेली, उरली १ तास २५ मिनिटं. ही रीत बरोबर आहे. पण ती पहिली रीत म्हणून शिकवू नये. साठ मिनिटांचा तास हाताने, डोळ्याने पुरता पटायच्या आधी ती आली तर मुलं शंभर आणि साठ यांची सरमिसळ करत राहतात.

एक चूक उत्तर, दोन वाटा

चौथं उत्तर २ तास ३५ मिनिटं. बहुतेक जण याचं कारण लगेच सांगतील : पाचातून तीन गेले दोन, आणि दहातून पंचेचाळीस जात नाहीत म्हणून मुलाने उलटं करून पंचेचाळीसातून दहा घालवले. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा ही जुनी सवय. दोन अंकी वजाबाकीतही ती दिसते.

मीही बराच काळ तेवढंच समजत होते. मग एका मुलीला मी तबकडीवर बोट ठेवून मोजायला सांगितलं. तिने वजाबाकी केलीच नव्हती. मिनिट काट्याच्या नऊवर बोट ठेवून तिने म्हटलं ‘पाच’, दहावर ‘दहा’, अकरावर ‘पंधरा’, बारावर ‘वीस’. मग तास मोजले : ‘चार, पाच, दोन तास.’ मग पुन्हा बारावर ‘पाच’, एकवर ‘दहा’, दोनवर ‘पंधरा’. वीस मिनिटं, दोन तास आणि पंधरा मिनिटं मिळून २ तास ३५ मिनिटं. तिची वाट अगदी वेगळी होती, पण उत्तर तेच निघालं.

ती आकडे मोजत होती आणि वेळ असतो दोन आकड्यांच्या मधे. नऊ ते बारा मिनिट काटा तीन घरं चालतो, पण वाटेत आकडे भेटतात चार. सकाळी नऊ ते बारा शाळा असली तर किती तास भरली असं विचारा. बोटांवर ‘नऊ, दहा, अकरा, बारा’ म्हणत चार तास सांगणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कुंपणाचे चार खांब असले तर त्यांच्यामधे तारेचे टप्पे तीनच बसतात. मुलं खांब मोजतात, आपल्याला टप्पे हवे असतात.

या मुलीला हातच्याच्या वजाबाकीचा सराव देऊन काहीच झालं नसतं. तिला एकच गोष्ट सांगायची होती : ज्या आकड्यावर उभी आहेस तो मोजायचा नाही, उडी मारून जिथे पडशील तिथे मोजायचं. म्हणून उत्तर वाचणं पुरेसं नसतं. ‘कसं मोजलंस ते बोट ठेवून दाखव’ हे विचारावंच लागतं.

गोल घड्याळ सरळ करायचं

या सगळ्या चुकांवर मला उपयोगी पडलेला एकच प्रकार सांगायचा तर तो कागदी पट्टीचा. ६० सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी कापायची. तिच्यावर दर सेंटिमीटरला एक खूण करायची आणि दर पाच सेंटिमीटरला लांब खूण करून ५, १०, १५ असं साठपर्यंत लिहायचं. साधारण १९ सेंटिमीटर व्यासाचं गोल झाकण किंवा ताटली घेतली की ही पट्टी तिच्याभोवती बरोबर एकदा बसते. ताटलीवर घड्याळाचे बारा आकडे लिहायचे. पट्टीच्या लांब खुणा एकेका आकड्यासमोर येतात. पट्टी सोडवून बाकावर सरळ पसरली की मुलांना दिसतं, तबकडीची एक फेरी म्हणजे ही एवढी लांबी, म्हणजे एक तास.

आता अशा तीन पट्ट्या एकापुढे एक चिकटवायच्या. पहिलीच्या सुरुवातीला लिहायचं ३, दोन सांध्यांवर ४ आणि ५, शेवटी ६. एसटी पहिल्या पट्टीच्या ४५ या खुणेवरून सुटते आणि तिसऱ्या पट्टीच्या १० या खुणेवर पोचते. तिथून तिथपर्यंत बोट फिरवायचं. पहिला मुक्काम चार वाजताचा. तिथपर्यंत १५ मिनिटं. मग एक अख्खी पट्टी, एक तास. मग पाचच्या सांध्यापासून १० मिनिटं. पंधरा, एक तास आणि दहा : १ तास २५ मिनिटं.

ज्याला अजून खात्री वाटत नाही, त्याने मीटरपट्टी लावून अंतर मोजावं. ८५ सेंटिमीटर भरतं. ८५ मिनिटं म्हणजे एक तास आणि २५ मिनिटं. पट्टीवर शंभर मिनिटांचा तास दिसूच शकत नाही, कारण साठावर कागद संपतो आणि दुसरा सुरू होतो. आकडे मोजायचे की टप्पे, हा घोळही मिटतो, कारण बोट टप्प्यांवरूनच सरकतं.

आठवडाभर पट्टी वापरल्यावर तीच गोष्ट वहीत रेघ मारून करायची. या रेघेवर सगळ्या खुणा नकोत. सुरुवात, मधले मुक्काम आणि शेवट एवढंच लिहायचं आणि वर कमानीसारख्या उड्या काढून प्रत्येक उडीवर किती मिनिटं ते लिहायचं. कोरी संख्यारेषा वापरण्याची ही रीत नेदरलँड्समधल्या गणितशिक्षणात रुजली आणि तिथून अनेक देशांत गेली. वेळेच्या उदाहरणांना ती फार जुळते, कारण घड्याळात पूर्ण तासाचे मुक्काम आयतेच मिळतात. कुणी आधी ३:४५ वरून थेट ४:४५ वर उडी मारेल, मग १५ मिनिटांनी ५:०० वर आणि १० मिनिटांनी ५:१० वर जाईल. तेही बरोबर. मुक्काम कुठे करायचे ते मुलाने ठरवावं.

बारा ओलांडताना

रेघेची खरी परीक्षा बारा वाजता होते. सिनेमा ११:४० ला सुरू झाला आणि १:१५ ला संपला. वजाबाकी करणाऱ्या मुलाला इथे एकातून अकरा घालवता येत नाहीत, म्हणून ते अकरातून एक आणि चाळीसातून पंधरा घालवून १० तास २५ मिनिटं लिहितं. दहा तासांचा सिनेमा त्याला खटकत नाही, कारण आकड्यांशी झगडताना सिनेमा बाजूला राहिलेला असतो.

रेघेवर बारा हा इतरांसारखाच एक मुक्काम असतो. ११:४० ते १२:०० वीस मिनिटं, १२:०० ते १:०० एक तास, १:०० ते १:१५ पंधरा मिनिटं. १ तास ३५ मिनिटं. रकान्यांच्या वजाबाकीने हेच करायचं तर आधी १:१५ चे १३:१५ करावे लागतात, रेल्वेच्या वेळापत्रकात असतात तसे. ते चौथी-पाचवीत जमतं, त्याआधी रेघच बरी.

किती वाजता आणि किती वेळ

काही मुलांचा घोटाळा आकड्यांच्याही आधीचा असतो. ‘दीड वाजता’ आणि ‘दीड तास’ यांत त्यांना फरक वाटत नाही. दोन्हींत शब्द तोच आहे. अडीच वाजतात आणि अडीच तासही लागतात. पावणेचारला सुटलेल्या एसटीला किती वेळ लागला असं विचारलं तर अशी मुलं ‘पाच-दहा’ असं उत्तर देतात. त्यांना पोचल्याची वेळ माहीत आहे, मधला वेळ ही वेगळी वस्तू आहे हे माहीत नाही.

हा फरक दाखवायला आपल्याकडचं जुनं घटिकापात्र उत्तम आहे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडायला जेवढा वेळ लागतो ती एक घटका, २४ मिनिटं. लग्नाच्या मुहूर्तासाठी ते वापरत. घटिकापात्र कधीच ‘किती वाजले’ सांगत नाही, ‘किती वेळ गेला’ एवढंच सांगतं. वर्गात एखाद्या हलक्या प्लास्टिकच्या वाटीला सुईने भोक पाडून बादलीत सोडली की मुलं ती बुडेपर्यंत श्वास रोखून बघतात. बुडायला लागलेली मिनिटं घड्याळावर मोजायची, मग दुपारी पुन्हा तीच वाटी सोडायची. घड्याळात वाजलेले बदललेले असतात, वाटीला लागणारा वेळ साधारण तेवढाच असतो. ‘किती वाजता’ आणि ‘किती वेळ’ हे दोन प्रश्न तिथे वेगळे होतात.

ते वेगळे झाले की उलटे प्रश्न विचारता येतात. शाळा १०:२० ला भरते, चालत यायला ३५ मिनिटं लागतात, घरून कितीला निघायचं? बरीच मुलं ३५ मिळवून १०:५५ लिहितात. त्यांना मी विचारते, ‘तू १०:५५ ला निघालास, तर शाळेत कितीला पोचशील?’ ते मोजतात, साडेअकरा येतात आणि चूक तिथेच त्यांच्या लक्षात येते. रेघेवर मागे यायचं : १०:२० वरून २० मिनिटं मागे १०:००, आणखी १५ मिनिटं मागे ९:४५. हेही पावणेदहाच. सुरुवातीला गोंधळात पाडणारा ‘पावणे’ इथे त्यांच्या तोंडी आपसूक येतो.

घरच्यांसाठी

घरी हा सराव वेगळा काढावा लागत नाही. भिंतीवर काट्यांचं घड्याळ हवं आणि त्यावर सगळे आकडे छापलेले हवेत. नुसत्या चार ठिपक्यांचं किंवा रोमन आकड्यांचं घड्याळ या वयाला अवघड जातं. मोबाइलवर ३:४५ असे आकडे दिसतात, पण चार वाजायला किती उरलं ते दिसत नाही. काट्यांच्या घड्याळात ते उरलेलं अंतर डोळ्यांना दिसतं, आणि गेलेला किंवा उरलेला वेळ काढायला तेच अंतर लागतं. कुकर लावताना ‘आता किती वाजले’ आणि उतरवताना ‘किती वेळ झाला’ असे दोन प्रश्न रोज विचारले तरी पुष्कळ होतं. सुरुवात पूर्ण तासांपासून करावी, मग अर्धा तास, मग पाव, मग पाच-पाच मिनिटं. तास ओलांडणारी उदाहरणं सर्वांत शेवटी द्यावीत.

आणि मुलाचं उत्तर चुकलं तर फुली मारायच्या आधी त्याला घड्याळासमोर उभं करा आणि म्हणा, ‘कसं मोजलंस, बोट ठेवून दाखव.’ नऊवर बोट ठेवून ते ‘पाच’ म्हणतं की दहावर जाऊन, एवढं नीट ऐका. पुढे काय शिकवायचं ते त्यावरून ठरतं.